मिरची गल्लीची पटकथा: व्यापाऱ्यांच्या आठवणी आणि शंभर वर्षांचा बदल एका माहितीपटात कसा विणायचा

मसाल्याच्या बाजारावर माहितीपट करायचा म्हटलं की पहिल्या खर्ड्यात हमखास तीन गोष्टी येतात: लाल मिरच्यांचा ढीग, ‘मसाल्यांचा दरवळ’ हे शब्द आणि गल्ल्यावर बसलेले एक आजोबा, जे म्हणतात, ‘पूर्वीसारखं आता राहिलं नाही.’ हे सगळं खरंच असतं, पण त्यातून तीस मिनिटांची फिल्म उभी राहत नाही. दहाव्या मिनिटाला प्रेक्षकाला कळून चुकतं की पुढचे आजोबाही हेच सांगणार आहेत.

या लेखात मुंबईतल्या लालबागची मिरची गल्ली डोळ्यांसमोर ठेवून तीस मिनिटांच्या माहितीपटाची संहिता टप्प्याटप्प्याने कशी तयार होते ते पाहू. कोल्हापूरचा, सांगलीचा किंवा दिल्लीच्या खारी बावलीचा बाजार घेतला तरी रीत हीच राहील, तारखा आणि माणसं तेवढी बदलतील.

आधी एक वाक्य, मग बाकी सगळं

‘लालबागच्या मसाला बाजाराचा इतिहास’ हा विषय झाला, फिल्म नव्हे. फिल्मला एक धागा लागतो आणि तो एका साध्या वाक्यात सांगता यायला हवा. आपल्या नमुन्यासाठी हे वाक्य घेऊ: ‘गल्लीतलं गिऱ्हाईक बदलत गेलं आणि दुकान त्या गिऱ्हाइकाच्या मागोमाग बदललं.’

या वाक्याचा फायदा असा की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तेच ठरवतं. गिरणी कामगाराचं कुटुंब पगाराच्या तारखेवर उधारीत मिरची न्यायचं. त्याच कुटुंबाची पुढची पिढी डोंबिवलीला किंवा विरारला राहायला गेली आणि एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा मसाला करून घ्यायला लोकलने लालबागला येऊ लागली. आज कुणी तयार मसाल्याचं अर्धा किलोचं पाकीट उचलतं, कुणी परदेशातल्या मुलासाठी पार्सल बांधून घेतं. ही सगळी गिऱ्हाइकं धाग्यात बसतात. काळी मिरी केरळातून जगभर कशी गेली, वास्को द गामा कधी आला, हे बसत नाही. कितीही मोह झाला तरी ते सोडा.

‘शंभर वर्षं’ हा दावा तपासा

पाटीवर एखादं जुनं साल लिहिलेलं असतं आणि तेच संहितेत उतरतं. इथूनच चुकीची सुरुवात होते. एक दुकान किती जुनं आणि गल्ली किती जुनी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय ‘आजोबांनी धंदा सुरू केला’ म्हणजे याच जागेत केला, असं नसतं. अनेक घराण्यांची सुरुवात फेरीने किंवा दुसऱ्याच बाजारात झालेली असते.

पुरावा म्हणून लोक आधी गुमास्ता परवाना काढून दाखवतात. पण मुंबईत दुकानं आणि आस्थापनांचा कायदाच मुळी १९३९ चा, आणि त्याची जागा घेणारा पुढचा कायदा १९४८ चा. म्हणजे १९२० च्या दशकातलं दुकान या कागदावरून सिद्ध होऊच शकत नाही. त्यापेक्षा जुन्या भाडेपावत्या, विजेची जुनी बिलं आणि घरात पूजेला ठेवलेल्या वह्या उपयोगी पडतात. लक्ष्मीपूजनाला पुजलेली जुनी वही पुष्कळ घरांनी टाकलेली नसते, फक्त मागावी लागते. मराठी घराण्याची वही फार जुनी असेल तर ती मोडी लिपीत असू शकते आणि गुजराती व कच्छी घराण्यांची त्यांच्या लिपीत. मोडी वाचणारा माणूस चित्रीकरणाच्या आधी गाठा. पान कॅमेऱ्यासमोर उघडल्यावर ते हिशेबाचं आहे की लग्नाच्या खर्चाचं, हे कुणालाच सांगता येत नसेल तर त्या दृश्याचा उपयोग नाही.

पुरावा मिळाला नाही, तर निवेदनात ‘शंभर वर्षं जुनं’ असं म्हणू नका. ‘तिसरी पिढी गल्ल्यावर बसते’ असं म्हणा. ते डोळ्यांना दिसतं आणि कुणी खोडूही शकत नाही.

काळाची पट्टी: चारच खुंट्या

एक लांब कागद भिंतीवर लावा आणि वरच्या ओळीत शहरातल्या, ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा घटना लिहा. लालबागसाठी त्या पुष्कळ मिळतात. १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला. उघड्यावर बसावं लागलेल्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस बोलला आणि १९३४ पासून लालबागच्या राजाचा गणपती बसू लागला. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनं आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. १९९० च्या दशकात मशीद बंदरातला घाऊक मसाला बाजार नवी मुंबईत, वाशीच्या बाजार समितीच्या आवारात गेला. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल वाहतुकीला खुला झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी.

यातल्या सगळ्या घेतल्या तर फिल्मची सनावळी होते. तीस मिनिटांत चार खुंट्या पुरेत: मेट्रिक वजनं, गिरणी संप, घाऊक बाजाराचं स्थलांतर आणि टाळेबंदी. निवडीची कसोटी एकच, या घटनेमुळे दुकानदाराच्या हाताची कोणती कृती बदलली? वजनं बदलली तेव्हा तागडीतलं माप बदललं. संपात उधारीची वही बदलली. बाजार हलला तेव्हा मालाची वाट बदलली. उड्डाणपुलाने गल्लीतला उजेड आणि गर्दी बदलली असेलही, पण त्याची कृती सापडली नाही तर तो पूल पार्श्वभूमीलाच राहू द्या.

लालबागच्या राजाबद्दल सावध राहावं लागतं. ती कथा इतकी मोठी आहे की फिल्म गिळून टाकते. घ्यायचीच तर चाळीस सेकंदांत घ्या आणि तिचा बाजाराशी असलेला संबंध, म्हणजे जागेची मागणी, तेवढाच घ्या. नवस बोलणाऱ्यांत मसालेवालेही होते, असं कागद हाती असल्याशिवाय लिहू नका. गल्लीत तसं सांगणारे नक्की भेटतील.

पट्टीच्या खालच्या ओळीत व्यापाऱ्यांच्या आठवणी येतील. ती अजून कोरी ठेवा.

मुलाखत: काळ विचारू नका, हात विचारा

‘तेव्हाचा काळ कसा होता?’ या प्रश्नाला ‘लई चांगला होता’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी असे प्रश्न न्या: बेडगी मिरची कुठल्या पोत्यात यायची आणि तुम्ही ती हाताने कशी पारखायचा? देठ कोण काढायचं, त्यांना पैसे किलोवर मिळायचे की रोजावर? उधारीत नाव लिहिताना फक्त नाव पुरायचं की चाळ आणि खोली नंबरही? कुणाची उधारी तुम्ही बंद केली आणि ती कशी सांगितली? शेवटच्या प्रश्नावर माणूस थबकतो. त्या थबकण्यावर कॅमेरा चालू ठेवा, पुढचा प्रश्न लगेच टाकू नका.

हातात वस्तू द्या. जुनी तागडी, वजनं, मिरची कुटणाऱ्या डंकाचं झिजलेलं मुसळ, छापील ‘किलोची यादी’. किलोभर मिरचीला धणे किती, दगडफूल किती, नागकेशर, जावित्री, चक्रीफूल किती, हे लिहिलेला हा कागद दुकानात गिऱ्हाइकाला मिळतो. त्यावर बोलताना माणूस आपोआप नेमका होतो. मालवणी मसाल्याची, आगरी-कोळी मसाल्याची आणि घाटी मसाल्याची यादी वेगळी का, हे विचारलं की गिऱ्हाईक कोकणातलं, किनाऱ्यावरचं की देशावरचं, हा गिरणगावाचा सगळा नकाशा तो तुमच्यासाठी उलगडतो. स्थलांतराचा इतिहास निवेदकाने सांगण्यापेक्षा यादीने सांगितलेला बरा.

दोन तांत्रिक गोष्टी इथेच ठरवून ठेवा. हंगामात, म्हणजे मार्च ते मे, गल्लीत डंकाचा दणका इतका असतो की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मिरची भाजायला घेतली की कॅमेऱ्यामागचा माणूसही खोकायला लागतो. म्हणून बसून घेण्याच्या मुलाखती पावसाळ्यात घ्या, जेव्हा दुकानदाराला वेळ असतो, आणि कामाची दृश्यं उन्हाळ्यात घ्या. संहितेच्या वेळापत्रकात हे दोन ऋतू पहिल्यापासून धरा. शिवाय डंकाचा आवाज वेगळा, जवळून, निदान दोन मिनिटं सलग ध्वनिमुद्रित करा आणि रिकाम्या दुकानाची शांतताही एक मिनिट घ्या. पुढे दृश्यं जोडताना या दोन्ही गोष्टी हव्याच असतात आणि त्या वेळी त्या नव्याने मिळत नाहीत.

आणखी एक. गल्ल्यावर बसलेले पुरुष सहज बोलतात, म्हणून फिल्म त्यांचीच होते. पण देठ काढणाऱ्या, भाजणाऱ्या आणि मुख्य म्हणजे विकत घेणाऱ्या बायका असतात. मिरची हातात घेऊन मोडून बघणारी, बी किती आहे ते पाहणारी, दोन दुकानं फिरून तिसऱ्यात घेणारी बाई ही या बाजाराची खरी परीक्षक. सहा मुलाखतींतल्या निदान दोन तिच्या बाजूने असल्या पाहिजेत. नाहीतर ‘गिऱ्हाईक बदललं’ हे वाक्य फक्त दुकानदाराच्या तोंडून येतं आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गिऱ्हाईक बिघडलं’ असा होतो.

आठवण खरी की खोटी, हा प्रश्न अपुरा आहे

मुलाखतींतली प्रत्येक ठोस गोष्ट (भाव, साल, वजन, अंतर) वेगळी काढा आणि तिच्यापुढे तीनपैकी एक खूण करा. ‘पक्की’ म्हणजे कागदाने किंवा दोन स्वतंत्र माणसांनी दुजोरा दिलेली. ‘सांगोवांगी’ म्हणजे एकानेच सांगितलेली, पण न पटण्याचं कारण नाही. तिसरी खूण सगळ्यात कामाची: ‘चुकीची, पण बोलकी’.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा एक ज्येष्ठ व्यापारी म्हणाले, ‘माझ्या लहानपणी रुपयाला अमुक शेर मिरची मिळायची.’ संहिता लिहिणारा लगेच शेराचं किलोत रूपांतर करतो आणि आजच्या भावाशी तुलना टाकतो. पण कुठला शेर? बंगाली मण ४० शेरांचा आणि सुमारे ३७.३ किलोचा, म्हणजे त्याचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. मुंबई मणही ४० शेरांचाच, पण तो २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. त्याचा शेर जेमतेम ३१८ ग्रॅम भरतो. एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक आहे. शिवाय तो मापाचा शेर होता की वजनाचा, हाही प्रश्न राहतोच, कारण मिरचीसारखी फुगीर वस्तू मापात आणि वजनात फार वेगळी पडते.

म्हणून मुलाखतीतच पुढचा प्रश्न हवा: ‘शेर म्हणजे तागडीतलं वजन की माप? ते वजन घरात आहे का?’ वजन सापडलं तर आजच्या काट्यावर ठेवा आणि आकडा कॅमेऱ्यात येऊ द्या. हाच एक शॉट ‘मेट्रिक वजनं’ या खुंटीचं पूर्ण दृश्य होऊ शकतो. वजन सापडलं नाही तर भावाची तुलना सोडून द्या. व्यापाऱ्याचं वाक्य मात्र ठेवायला हरकत नाही, त्याला किलोत बदलायला जाऊ नका एवढंच.

‘चुकीची, पण बोलकी’ कशी ओळखायची? समजा व्यापारी म्हणतात, ‘संप लागला त्या दिवसापासून एक पैसा आला नाही.’ आणि वही सांगते की त्यानंतरही काही आठवडे थोडे थोडे पैसे येत होते, मग ते हळूहळू आटले. आठवण चुकली आहे. पण वहीतून निघालेली गोष्ट जास्त मोठी आहे: लोकांनी हाती होतं नव्हतं ते देऊन पत राखायचा प्रयत्न केला. दोन्ही ठेवा. आधी व्यापाऱ्याचं वाक्य, मग वहीचं पान, मग ते पान बघताना त्यांचा चेहरा. त्यांना खोटं पाडायचं नाही, म्हणून वही त्यांच्याच हातात द्या आणि त्यांनाच वाचू द्या. शोध त्यांचा होतो.

वहीबद्दल एक पथ्य पाळलंच पाहिजे. त्यात नावं आहेत, रकमा आहेत आणि त्या माणसांची मुलं-नातवंडं कदाचित त्याच परिसरात राहतात. कुणाची किती उधारी थकली हे फिल्ममध्ये वाचता येता कामा नये. शॉट अशा कोनातून घ्या की रेघा आणि तारखा दिसतील आणि नावं धूसर राहतील. नंतर संगणकावर पुसू असं म्हणून सोडू नका, कारण एखादी फ्रेम राहून जाते. दुकानदाराची लेखी संमती घेताना त्यात वहीचा वेगळा उल्लेख करा.

नऊ तासांची बारा मिनिटं

सहा मुलाखती, प्रत्येकी दीड तास, म्हणजे नऊ तासांचं बोलणं. ते शब्दशः उतरवा आणि दर अर्ध्या मिनिटाला वेळेची नोंद करा. बोली जशी असेल तशीच उतरवा. ‘आमच्याकडं’, ‘हयसर’, ‘बोलला’ असंच राहू द्या, प्रमाण मराठीत आणू नका. कागदावर सुधारलेलं वाक्य छान दिसतं आणि जोडणीच्या टेबलावर तसं वाक्य फिल्ममध्ये नाहीच, हे कळतं.

मग छापील प्रतीवर तीन चाळण्या लावा. पहिलीत तासभराचा माल ठेवा: जिथे काही घडलं, काही मोजलं, काही ठरवलं, ते सगळं. दुसरीत वीस मिनिटं: जे फक्त हाच माणूस सांगू शकतो ते. एकच गोष्ट तिघांनी सांगितली असेल तर सगळ्यात कमी शब्दांत सांगणारा ठेवा, सगळ्यात गोड बोलणारा नव्हे. तिसऱ्या चाळणीत बारा मिनिटं उरतात आणि ती कागदाच्या पट्ट्या कापून भिंतीवरच्या काळपट्टीच्या खालच्या ओळीत लावायची. संगणकावर हेच करता येतं, पण भिंतीवर एका नजरेत भोक दिसतं. संपाखाली सात पट्ट्या आणि घाऊक बाजार हलला त्याखाली एकही नाही, असं दिसलं की परत एक मुलाखत घ्यावी लागणार, हे पावसाळा संपायच्या आत कळतं.

तीस मिनिटांची वाटणी साधारण अशी बसते: बारा मिनिटं आठवणी, सहा मिनिटं निवेदन, उरलेली बारा मिनिटं कामाची दृश्यं, नैसर्गिक आवाज आणि शांतता. सहा मिनिटं निवेदन म्हणजे किती शब्द? मराठी निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द जातात. म्हणजे अख्ख्या फिल्मला सहाशे शब्द, या लेखाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. पहिला खर्डा नेहमी दोन हजारांवर जातो. तो कापताना हळहळ वाटते, पण कापलेला मजकूर बहुतेक वेळा चित्रात आधीच असतो.

सांधा: आठवणीतून शहरात आणि परत

विणकामाची खरी जागा ही. व्यापारी स्वतःच्या दुकानाबद्दल बोलतो आणि निवेदक शहराबद्दल. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना धक्का बसला तर फिल्मचे दोन तुकडे होतात, एक हळवा आणि एक शाळेच्या पुस्तकासारखा. सांधा नेहमी एखाद्या वस्तूवर, आकड्यावर किंवा जागेवर घ्या, भावनेवर घेऊ नका. ‘त्या दुःखाच्या दिवसांत...’ हा सांधा नाही. वहीतली न मारलेली रेघ हा सांधा आहे.

खालचं दृश्य नमुन्यासाठी रचलेलं आहे. व्यापाऱ्याचे शब्द काल्पनिक आहेत, तुमच्या संहितेत ते मुलाखतीतूनच यायला हवेत. आधी चुकीचा खर्डा:

*निवेदन: १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बेमुदत संपावर गेले. या ऐतिहासिक संपामुळे गिरणगावाचे अर्थकारण कोलमडले. त्याचा फटका मसाला व्यापाऱ्यांनाही बसला.*

*व्यापारी: हो, आम्हाला लई फटका बसला. उधारी बुडाली.*

इथे निवेदकाने सगळं सांगून टाकलं आणि व्यापाऱ्याला फक्त मान डोलवायला ठेवलं. आठवण पुराव्यासारखी चिकटवली आहे. आता दुसरा खर्डा:

दृश्य ७. उधारीची वही. दोन मिनिटं वीस सेकंद.

*चित्र:* लाल कापडी बांधणीची वही गल्ल्यावर. व्यापाऱ्याचं बोट पानावरून खाली येतं. नावं धूसर, आडव्या रेघा स्पष्ट.
*आवाज:* पान उलटल्याचा. दूरवर डंक.

*व्यापारी (चित्रात नाही):* पगार झाला की पहिला फेरा आमच्याकडं. नाव सांगायचं, पान काढायचं, पैसे घ्यायचे, रेघ मारायची.

*चित्र:* रेघ, रेघ, रेघ. पान उलटतं.
*व्यापारी:* रेघ म्हणजे फिटलं.

*चित्र:* पुढचं पान. रकमा आहेत, रेघा तुरळक. आणखी एक पान, रेघ नाही.
*आवाज:* डंक थांबतो. तीन सेकंद काही नाही.

*निवेदन:* १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले.

*चित्र:* गिरणीच्या बंद दाराचं त्या काळातलं छायाचित्र. पाच सेकंद, स्थिर.

*निवेदन:* दोन महिन्यांनी मिरचीचा हंगाम आला.

*चित्र:* व्यापारी, समोरून.
*व्यापारी:* आता तुम्ही सांगा. समोर बाई उभी आहे, वर्षाची मिरची न्यायची आहे. रेघ नाही मारलेली. द्यायची का नाही?

*(थांबा. तो स्वतः उत्तर देईपर्यंत कट नाही.)*

इथे निवेदनात जेमतेम चौदा शब्द आहेत. अर्थकारण कोलमडलं हे कुणी म्हणालेलं नाही, ते पानावर दिसलं. ‘दोन महिन्यांनी मिरचीचा हंगाम आला’ या एका वाक्यात शहराचं पंचांग आणि दुकानाचं पंचांग एकत्र आलं. संप जानेवारीत सुरू झाला हे सगळ्यांना माहीत असतं. तो मसाल्याच्या तोंडावर सुरू झाला, हे फक्त या गल्लीतून पाहिल्यावर सुचतं. प्रत्येक खुंटीसाठी असं एक वाक्य शोधायचं.

दत्ता सामंतांचं नाव इथे नाही, आणि चालतं. ते दृश्याच्या शेवटी, छायाचित्राखालच्या पाटीवर येऊ शकतं. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, ही गोष्टही पुढच्या दृश्याच्या सुरुवातीला जास्त परिणाम करते, कारण तिथे रेघ न मारलेली वही परत दिसणार आहे.

यमक जुळलं म्हणून जोडू नका

चौथ्या खुंटीला एक मोह होतो. टाळेबंदी २५ मार्च २०२० ला लागली, म्हणजे तीही हंगामाच्या तोंडावर. १९८२ आणि २०२० एकापुढे एक ठेवले की सुंदर यमक जुळतं आणि संहितेत ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ वगैरे शब्द येतात. पण दोन्हींत गिऱ्हाइकाचं काय झालं ते पाहा. १९८२ मध्ये गिऱ्हाईक चाळीतून दोन मिनिटांत दुकानात येत होतं, खिशात पैसे नव्हते. २०२० मध्ये पुष्कळांकडे पैसे होते, पण लोकल बंद होती आणि डोंबिवलीचं गिऱ्हाईक लालबागला पोचूच शकत नव्हतं. साम्यापेक्षा हा फरकच आपल्या धाग्याचा आहे, कारण मधल्या अडतीस वर्षांत गिऱ्हाईक गल्लीपासून किती लांब राहायला गेलं, ते तो दाखवतो. दोन दृश्यं शेजारी ठेवायचीच तर फरक दिसेल अशी ठेवा: एकीकडे वही, दुसरीकडे फोनवर मसाल्याची यादी घेणारा नातू.

घाऊक बाजाराच्या खुंटीवर बहुतेक संहिता लंगडतात, कारण तिथे रडणारं कुणी नाही. मशीद बंदर जवळ होतं, वाशी खाडीपलीकडे. एवढ्याने दृश्य होत नाही. ते करायचं तर मालाच्या एका पोत्यामागे जा. पहाटे वाशीच्या आवारात नमुना कसा दाखवतात, सौदा कसा होतो, टेम्पो किती वाजता निघतो, लालबागला गाडी उभी करायला जागा किती वेळ मिळते, हमाल किती. मग वयस्कर व्यापाऱ्याला मशीद बंदरात चालत नेऊन तीच वाट त्यांच्या तोंडून ऐका. दोन वाटा एकाआड एक जोडल्या की बदल समोर उभा राहतो आणि निवेदनाला फक्त दशक सांगायचं उरतं.

घड्याळ लावून वाचन

संहिता पूर्ण झाली की तिचं मोठ्याने वाचन करा. एकाने निवेदन, दुसऱ्याने व्यापारी, तिसऱ्याने चित्राच्या सूचना, आणि चौथ्याच्या हातात घड्याळ. चित्राच्या सूचनांनाही वेळ द्या. ‘मिरची भाजली जाते’ हे तीन शब्द असले तरी पडद्यावर ते वीस सेकंद आहे. या वाचनात दोन रोग हमखास सापडतात. निवेदक एक गोष्ट सांगतो आणि पुढच्याच वाक्यात व्यापारी तीच सांगतो. तिथे नेहमी निवेदक कापा. दुसरा रोग म्हणजे सलग तीन आठवणी एकाच सुरात, ‘गेलं ते गेलं’ या थाटात. त्यांच्या मध्ये असा माणूस आणा ज्याला बदलाचा फायदा झाला: पार्सलवर धंदा वाढवलेली सून, किंवा गावाहून येऊन डंकावर लागलेला आणि आता स्वतःचा डंक चालवणारा कामगार.

वाचन झालं की संहिता घेऊन एकदा गल्लीत जा, ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्याकडे. फिल्मवर त्यांची मोहोर उमटवायला नव्हे, तर तपशील तपासायला: संकेश्वरीला बेडगी म्हटलं गेलं नाही ना, दगडफुलाच्या शॉटवर नागकेशराची पाटी आलेली नाही ना. गल्ल्यावरचा माणूस चष्मा लावून पहिलं पान वाचतो आणि बहुतेक वेळा त्याचं बोट त्याच्या स्वतःच्या वाक्यावर जात नाही. ते शेजारच्या दुकानदाराच्या वाक्यावर जातं. ‘हे असं नव्हतं,’ तो म्हणतो. तेव्हा वही परत उघडा.